वीस मीटरमधला एक मीटर

18 नोव्हेंबरला दुपारच्या सुट्टीत मुख्याध्यापक सरांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, यंदा शटल रनचं तुम्हीच बघा." आमची शाळा कराड तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात आहे. मी तेथे सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. खेळाचे सगळे पाहणारे आमचे सहकारी त्या महिन्यात दीर्घ रजेवर गेले होते. मी स्वतः शाळेत असताना खो-खोच्या पलीकडे गेले नव्हते आणि स्टॉपवॉच हातात धरले होते ते फक्त विज्ञानाच्या प्रयोगात, त्यामुळे होकार दिला तरी पोटात गोळा आला होता. पुढचा महिनाभर जे झाले ते क्रमाने लिहून ठेवते आहे. यात माझी एक मोठी चूक आहे आणि तीच सर्वांत उपयोगी पडेल असे वाटते.

आधी धावण्याची ही चाचणी आमच्याकडे आली कशी ते सांगते. खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांत नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी 600 मीटर धावणे-चालणे असते. आमचे मैदान जेमतेम पस्तीस मीटर लांब असल्याने ती चाचणी आम्ही शाळेपुढच्या रस्त्यावर घेत होतो. कारखाने सुरू झाले की त्याच रस्त्याने उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि मुलांना तेथे पळवणे शक्य होत नाही. मुलांचा दम मोजायचा आणि जागा मात्र पस्तीस मीटरच, अशा वेळी वीस मीटरची शटल रन सोयीची ठरते. रस्त्यावरची चाचणी हंगामानंतर घ्यायची आणि शाळेच्या स्वतःच्या नोंदीसाठी ही घ्यायची, असे ठरले.

मुलांना ही बातमी सांगताच पहिला गोंधळ शब्दाचाच झाला. आमच्याकडे शटल रन म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे दहा मीटरवर ठेवलेले लाकडी ठोकळे येतात. क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीत 6 × 10 मीटरची शटल रन असते आणि गावातली दोन-तीन मुले तिची तयारी करत असतात. ती चाचणी चपळतेची आहे, काही सेकंदांत संपते आणि तिथे कमी वेळ म्हणजे चांगला गुण. आमची चाचणी दमाची होती. वीस मीटरवरच्या दोन रेघांमध्ये बीपच्या तालावर ये-जा करायची, दर मिनिटाला ताल वाढत जातो, आणि इथे जास्त वेळ टिकणारा पुढे. नाव एकच असल्यामुळे आमच्या कबड्डी संघातला सर्वांत चपळ मुलगा "मी पहिला येणार" म्हणून सांगत फिरत होता. तो चौथ्या टप्प्यात थांबला आणि त्याला ते दोन दिवस पटले नाही.

या चाचणीची रचना मॉन्ट्रियल विद्यापीठातील ल्युक लेजे यांनी केली. 1982 साली ती प्रथम मांडली गेली तेव्हा प्रत्येक टप्पा दोन मिनिटांचा होता. मुलांसाठी आज वापरतात तो एका मिनिटाचा प्रकार आणि त्याचे सूत्र 1988 च्या लेखात आले. गणित सोपे आहे. अंतर नेहमी वीस मीटरच राहते, बदलतो तो दोन बीपांमधला वेळ. पहिल्या टप्प्यात ताशी 8 किलोमीटर वेग धरला तर वीस मीटरला 9 सेकंद मिळतात. दुसऱ्या टप्प्यात वेग 9 होतो आणि 8 सेकंद मिळतात. त्यानंतर दर टप्प्याला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो, म्हणजे चौथ्याला 10, सहाव्याला 11, आणि आठव्यात वीस मीटरला फक्त 6 सेकंद उरतात. टप्पा बदलताना तीन बीप लागोपाठ वाजतात.

19 तारखेपासून मी बीपच्या ध्वनिफिती शोधायला लागले आणि तिथे पहिला खड्डा लागला. एकाच नावाच्या कितीतरी फिती मिळतात. काही पंधरा मीटरच्या चाचणीसाठी असतात, काहींची सुरुवात ताशी 8 ने होते तर काहींची 8.5 ने. कोणती कुठली हे शीर्षकावरून कळेलच असे नाही. त्यावर उपाय म्हणजे स्टॉपवॉच घेऊन पहिल्या टप्प्यातील दोन बीपांमधला वेळ मोजणे. 9 सेकंद आले तर ती 8 ने सुरू होणारी, साधारण साडेआठ आले तर 8.5 ने सुरू होणारी, आणि पावणेसातच्या आसपास आले तर ती पंधरा मीटरची. वीस मीटरच्या दोन्ही प्रकारांत दुसऱ्या टप्प्यापासून वेग सारखाच असतो, त्यामुळे पहिल्या टप्प्यातल्या फरकाने फारसे बिघडत नाही, पण पंधरा मीटरची फीत वीस मीटरच्या मैदानावर लावली तर पहिल्याच मिनिटात निम्मा गट बाहेर पडतो. मी 9 सेकंदांची निवडली, मोबाइलमध्ये उतरवून घेतली, तिचे नाव वहीत लिहून ठेवले आणि परिपाठाच्या स्पीकरला जोडून पाहिली. चाचणीच्या दिवशी मोबाइल विमान मोडवर ठेवावा, कारण मध्येच फोन आला तर बीप थांबते आणि गटाला पुन्हा पळवता येत नाही. हे मला सरावाच्या दिवशी कळले, बहिणीचा फोन आला तेव्हा.

22 तारखेला शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी कराडला गेले. फक्कीचे एक पोते 120 रुपयांना आणि सेफ्टी पिना 40 रुपयांना मिळाल्या. छातीवरचे क्रमांक जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलींनी लिहिले. तीस मीटरची नवी टेप 380 रुपये सांगितली. किरकोळ खर्चाच्या सादिल निधीतून एवढा खर्च दाखवायचा म्हणजे कोटेशन, पावती, ठराव असे सगळे आले, आणि शाळेच्या कपाटात एक टेप पडून होतीच, म्हणून ती घेतली नाही. या वाचवलेल्या 380 रुपयांची कहाणी पुढे येते.

संमतीपत्रांना सर्वांत जास्त वेळ लागला. दोन्ही वर्गांची मिळून 58 मुले, त्यांच्या झेरॉक्सचे 116 रुपये झाले. पत्रात चारच प्रश्न होते: मुलाला दमा किंवा हृदयाचा त्रास आहे का, पळताना कधी छातीत दुखले किंवा चक्कर आली का, गेल्या पंधरा दिवसांत ताप येऊन गेला का, आणि कोणते औषध चालू आहे का. मध्ये 26 नोव्हेंबरचा संविधान दिनाचा कार्यक्रम आला आणि शेवटची तीन पत्रे 1 डिसेंबरला हातात पडली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला आले होते, तेव्हाच्या नोंदीही मी एकदा पडताळून पाहिल्या. दमा असलेल्या एका मुलीला आणि हात मोडलेल्या एका मुलाला वगळले, दोघे गैरहजर होते, असे 54 उरले. वगळलेल्यांपुढे शून्य न लिहिता "घेतली नाही" असे लिहावे, कारण शून्य लिहिले की ते पुढे सरासरीत मिसळते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

नियमांपैकी एक आधीच ठरवून मुलांना सांगावा लागतो, तो म्हणजे बाद कधी धरायचे. काही ठिकाणी लागोपाठ दोन वेळा बीपच्या आत रेघ गाठली नाही तर थांबवतात, तर काही ठिकाणी एकूण दोन चुका झाल्या की थांबवतात, मग त्या लागोपाठ असोत वा नसोत. आम्ही दुसरी पद्धत घेतली. पहिल्यांदा चुकले तर जिथे असाल तिथूनच उलट फिरायचे, दुसऱ्यांदा चुकले की बाजूला. कोणतीही घ्या, पण ती कागदावर लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी दुसऱ्या पद्धतीने मोजले तर मुलात झालेला बदल आणि नियमात झालेला बदल वेगळा काढता येत नाही.

3 डिसेंबरला सकाळी पावणेआठला पहिला गट उभा राहिला. पोषण आहाराच्या खिचडीनंतर कुणी पळणार नाही म्हणून सकाळचीच वेळ घेतली होती. नऊ-नऊचे सहा गट, रोज तीन, असे दोन दिवस लागले. प्रत्येक धावणाऱ्यामागे एक मोजणारा बसवला. त्याच्या हातात एक कागद, त्यावर टप्प्यांप्रमाणे फेऱ्यांचे आकडे छापलेले, आणि तो प्रत्येक फेरीला एक आकडा खोडत जातो. मोजणारे तोंडी मोजतात तेव्हा हमखास चुकतात, कारण तेही ओरडून मित्राला चेतवत असतात.

पहिल्या टप्प्यात मुलांनी जे केले ते मला अपेक्षित नव्हते. बीप वाजताच ती जीव तोडून पळाली, चार-पाच सेकंदांत पलीकडे पोचली आणि पुढच्या बीपची वाट बघत उभी राहिली. असे पळणारे मूल पहिल्या दोन मिनिटांतच दमून जाते आणि मग जो आकडा येतो तो त्याच्या दमाचा नसतो, उतावळेपणाचा असतो. म्हणून दुसऱ्या गटापासून मीच पदर खोचून कडेच्या पट्टीत पळायला उतरले आणि "माझ्या पुढं कुणी जायचं नाही, बीप आणि पाऊल एकदम रेघेवर पडलं पाहिजे" असे बजावले. तिसरा टप्पा संपेपर्यंत पळाले आणि मग मात्र कमरेवर हात ठेवून बाजूला झाले. मुलांना याचा फार आनंद झाला.

वळणावरही बरेच काही हरवते. मुरमाच्या जमिनीवर चप्पल घालून पळणारा मुलगा घसरण्याच्या भीतीने मोठा अर्धगोल घेऊन वळतो आणि दर फेरीला दोन-तीन पावले जास्त पळतो. एक पाय रेघेवर टेकवून तिथेच फिरायचे, हे वर्गात सांगून समजत नाही, रेघेवर उभे करून चार वेळा करून घ्यावे लागते. आम्ही रेघेजवळचा सुटा मुरूम झाडून काढला आणि चपला काढायला लावल्या. ज्यांच्याकडे बूट होते त्यांनी बूट घातले आणि कुणी काय घातले होते ते वहीत लिहिले.

थांबलेल्या मुलाला लगेच बसू देऊ नये, दोन-तीन मिनिटे चालत ठेवावे. एका मुलीला बसल्या बसल्या मळमळायला लागले, तेव्हापासून आम्ही थांबलेल्यांसाठी पिंपळापर्यंत जाऊन परत येण्याची वाट आखून दिली.

4 तारखेला सर्व आकडे हाती आले तेव्हा मला बरेच समाधान वाटले. कितीतरी मुले सहाव्या टप्प्यात पोचली होती. चौदा क्रमांकाचा मुलगा, वय 12, शांत, शेळ्या राखणारा, 6.3 वर थांबला होता. हा आकडा वाचायचा कसा तेही सांगते, कारण तो दशांश अपूर्णांक दिसतो पण तसा नाही. 6.3 म्हणजे पाच टप्पे पूर्ण आणि सहाव्या टप्प्यातल्या तीन फेऱ्या. पहिल्या सहा टप्प्यांत अनुक्रमे 7, 8, 8, 9, 9 आणि 10 फेऱ्या असतात, म्हणून पाच टप्प्यांच्या 41 आणि वरच्या 3 मिळून त्याच्या 44 फेऱ्या झाल्या. 4.9 नंतर 5.1 येतो, मध्ये काही नसते, त्यामुळे या आकड्यांची सरासरी काढायची नाही. सरासरी हवी असेल तर एकूण फेऱ्यांची काढावी.

5 डिसेंबरला सातवीच्या वर्गात परिमितीचा तास होता. कपाटातली टेप बाहेरच होती, म्हणून मी मुलींना फळ्याकडची भिंत मोजायला सांगितली. तीच भिंत त्यांनी आठवड्यापूर्वी मीटरपट्टीने मोजली होती आणि ती सहा मीटर भरली होती. टेपने सात भरली. दोनदा मोजली, दोन्ही वेळा सात. मग टेपचे टोक हातात धरून एक मुलगी म्हणाली, "बाई, हिचा पहिला मीटर गेलाय कुठं?"

टेपचे कडी असलेले टोक कधीतरी तुटले होते, कुणीतरी ते नीट कापून त्याला गाठ मारून ठेवले होते, आणि टेप शून्याऐवजी एकच्या खुणेपासून सुरू होत होती. मी मैदानावर गाठ एका रेघेवर धरली आणि दुसऱ्या टोकाला 20 वाचले. मुले 19 मीटर पळाली होती. तास संपेपर्यंत मी उभी होते एवढेच आठवते.

एका मीटरने काय बिघडते असे कुणालाही वाटेल, मलाही वाटले असते. पण बीप तर वीस मीटरसाठी वाजत होती. तेवढ्याच वेळात 19 मीटर जायचे म्हणजे वेग पाच टक्क्यांनी कमी. ताशी 11 च्या पाच टक्के म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर, आणि एका टप्प्याची वाढही अर्ध्या किलोमीटरचीच असते. म्हणजे एक मीटर कमी पडला की सहाव्या टप्प्यात दिसणारा मुलगा प्रत्यक्षात पाचव्याच्या वेगाने पळत असतो. पूर्ण एक टप्पा फुकट मिळतो.

शनिवारी मुख्याध्यापक सरांना सांगितले. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "पत्रकं कुठं पाठवली नाहीत ना?" पाठवली नव्हती. मी आधी सर्वांचा एकेक टप्पा कमी करून भागवता येईल का ते पाहिले, पण ते बरोबर बसत नव्हते. सुरुवातीच्या कमी वेगांना पाच टक्क्यांचा फरक अर्ध्या किलोमीटरपेक्षा लहान पडतो, आणि शिवाय मुलगा जेव्हा सहाव्यापर्यंत येतो तेव्हा आधीचे पाचही टप्पे तो सावकाश पळून आलेला असतो, कमी दमलेला असतो. हे वजाबाकीने परत मिळवता येत नाही. म्हणून नवी टेप घेतली, 380 रुपये, फक्कीचे आणखी एक पोते, 120 रुपये, आणि 12 व 13 डिसेंबरला तीच फीत, तेच गट, तीच वेळ ठेवून चाचणी पुन्हा घेतली. या वेळी वीस मीटर टेपने मोजले आणि मग वर्गातल्या मीटरपट्टीनेही वीस वेळा मोजून पाहिले, दोन्ही कडांना. एकूण खर्च 776 रुपये झाला.

चौदा क्रमांकाचा मुलगा या वेळी 5.4 वर थांबला, म्हणजे 32 आणि 4 मिळून 36 फेऱ्या. "मागल्या बारीला मी 44 केल्या हुत्या," असे तो म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याला मैदानावर नेऊन जुनी रेघ, जी अजून पुसटशी दिसत होती, आणि नवी रेघ यांच्यामध्ये उभे केले. दोन्हींमधले अंतर त्याच्या एका ढांगेएवढे होते. त्याने ते पाहिले आणि "मंग बरोबर हाय" म्हणाला.

आता या 36 चा अर्थ. शरीर जोरात काम करताना एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, ते दर किलो वजनामागे मिलिलिटरमध्ये मोजतात. प्रत्यक्ष मोजायला प्रयोगशाळा लागते. लेजे यांच्या सूत्राने त्याचा अंदाज येतो, आणि त्यासाठी दोनच गोष्टी हव्यात: पूर्ण केलेल्या शेवटच्या टप्प्याचा वेग आणि पूर्ण वर्षांतले वय. मी ते संगणकावरच्या तक्त्यात असे भरले, B रकान्यात वेग आणि C मध्ये वय:

```
=31.025+3.238*B2-3.248*C2+0.1536*B2*C2
```

चौदा क्रमांकाचे चार टप्पे पूर्ण झाले, चौथ्याचा वेग 10, वय 12, उत्तर आले 42.9. आखूड मैदानावरच्या आकड्याने तेच 45.4 आले होते. 2016 साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून मांडलेल्या एका आढाव्यात मुलग्यांसाठी 42 आणि मुलींसाठी 35 ही सीमा सुचवली आहे. त्याच्या खाली असणाऱ्या मुलांकडे पुढच्या हृदयविकाराच्या धोक्याच्या दृष्टीने अधिक लक्ष द्यावे, असा तिचा अर्थ आहे. म्हणजे पहिल्या दिवशी हा मुलगा सीमेच्या चांगलाच वर दिसत होता आणि नऊ दिवसांनी काठावर आला, मध्ये बदलला होता फक्त मीटर. शिवाय या सूत्राचा अंदाज मुलांच्या बाबतीत सुमारे 6 मिलिलिटरने इकडे-तिकडे होऊ शकतो. 42.9 आणि 41 यांत फरक आहे असे एका मुलाबद्दल छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि कुणाला 41 आले म्हणून त्याचे हृदय कमजोर ठरत नाही. फार तर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्यावी. पळताना ज्याला धाप नेहमीपेक्षा वेगळी लागते किंवा छातीत दुखते, त्याला मात्र आकडा कितीही चांगला असला तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

कमी आकड्याची कारणे मी वहीत मुलागणिक लिहिली, कारण आकड्यात ती दिसत नाहीत. भारदस्त अंगाच्या मुलाला प्रत्येक वळणावर जास्त वजन थांबवून पुन्हा उचलावे लागते. दोन जिवलग मैत्रिणी दोन्ही वेळा एकाच फेरीला थांबल्या, एक खरी दमली होती आणि दुसरी तिच्यासाठी थांबली होती. दुसऱ्यांदा तर मी त्यांना मुद्दाम वेगळ्या पट्ट्यांत ठेवले होते, तरी नजर एकमेकींवरच. त्या दुसरीचा आकडा मैत्रीचा आहे आणि त्यापुढे मी तसेच लिहिले आहे.

20 डिसेंबरच्या पालक सभेत पत्रके दिली. एका मुलीच्या वडिलांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "बाई, पोरगी दिवसभर पळतीया की ओ, मग दहापैकी चारच कसं काय दिलं?" कागदावर 4.2 लिहिले होते. त्यांना वाटले हे गुण आहेत. मी म्हटले, "दादा, हे दहापैकी नाहीत, ही पायरी आहे. बारा वर्षांची मुलगी तीन पायऱ्या पूर्ण करून चौथीवर होती, तिचा अंदाज 40 च्या वर येतो आणि मुलींची सीमा 35 आहे." त्यांना पायरी लगेच समजली. त्याच दिवशी मी पत्रकातला कोण कितवा हे सांगणारा रकाना खोडला आणि टप्प्याच्या जागी फक्त एकूण फेऱ्या ठेवल्या. "तुमच्या मुलीने 25 फेऱ्या, म्हणजे अर्धा किलोमीटर, वाढत्या वेगाने पूर्ण केल्या" हे वाक्य कुणालाही कळते.

तुटकी टेप मी टाकून दिली नाही. गाठीजवळ लाल रंग लावून तिच्यावर "1 पासून" असे लिहिले आणि परिमितीच्या तासासाठी ठेवली. मैदानाच्या दोन्ही कडांना वीस मीटरवर विटा पुरून घेतल्या आहेत, म्हणजे पुढे जो कुणी चाचणी घेईल त्याला टेपवर विसंबावे लागणार नाही. पुढची चाचणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळीच घ्यायची ठरली आहे. चौदा क्रमांकाला फेब्रुवारीत तेरावे पूर्ण होते. वाढत्या वयाबरोबर मूल तोच वेग कमी ऑक्सिजनमध्ये पळू लागते, म्हणून सूत्र त्याच वेगाला मोठ्या मुलाचा आकडा कमी धरते. त्याने मार्चमध्ये पुन्हा बरोबर 36 फेऱ्या मारल्या तर 42.9 चे 41.1 होतील आणि कागदावर तो सीमेच्या खाली गेलेला दिसेल. त्याच्या नावापुढे मी पेन्सिलने "36 च्या वर किती ते बघणे" असे लिहून ठेवले आहे.